बुडणाऱ्याच्या छातीत नेमकं काय घडतं

आदिलाबादहून निर्मलकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ४४ वर वीस-पंचवीस किलोमीटरनंतर गुडीहत्नूर येतं. महाराष्ट्राची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात तेलुगूइतकीच मराठी कानावर पडते. काळी कपाशीची जमीन, गावोगाव तलाव, विहिरी, पावसाळ्यात अंगावर येणारे ओढे. तासाभराच्या अंतरात नेरडीगोंड्याजवळ कडेम नदीवरचा कुंटाळा धबधबा आहे, आणि त्याखालचे डोह दिसतात त्यापेक्षा बरेच खोल आहेत. या पट्ट्यात कुणी बुडालं आणि काठावर बाहेर काढलं की पुढचं दृश्य सगळीकडे सारखंच असतं. कुणी त्याला पालथं घालून पाठीवर थापा मारतो, कुणी पोट दाबतो, लहान मूल असेल तर पाय धरून उलटं गरगर फिरवतात. तोंडातून पाणी आलं की गर्दीला हायसं वाटतं. एव्हाना कुणीतरी १०८ ला फोन केलेला असतो.

आता साधा हिशोब करू. आदिलाबादहून निघालेली गाडी रस्ता मोकळा असला तरी वीस मिनिटांच्या आत गुडीहत्नूरला पोहोचत नाही. तलाव महामार्गापासून आत असेल तर आणखी उशीर. गाडी जवळच्या मंडलात उभी असेल तर दहा मिनिटं धरा. आणि श्वास पूर्ण थांबलेल्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा होऊ लागते ती साधारण चार-पाच मिनिटांत. म्हणजे बुडालेल्याचं काय होणार हे दवाखान्यात नव्हे, काठावर ठरतं. तिथे जमलेली माणसं ती मिनिटं कशावर घालवतात, हा सगळा प्रश्न आहे. बहुतेक वेळा ती पाणी काढण्यात जातात, कारण बुडणं म्हणजे पोटात आणि छातीत पाणी भरणं अशी आपली पक्की समजूत आहे. ही समजूत कुठे चुकते हे कळायला माणूस पाण्याखाली गेल्यावर काय काय होतं ते क्रमाने पाहावं लागेल.

साठ किलो वजनाचा एक तरुण घेऊ. पोहता येत नाही, कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे. पाऊल पुढे टाकतो आणि खालचा तळ संपतो. गाळ उपसलेल्या तलावांत हे नेहमीचं आहे. तेलंगणात २०१५ पासून मिशन काकतीयाखाली हजारो तलावांतला गाळ काढून शेतात टाकला गेला; तलावात पाणी वाढलं, शेताला माती मिळाली, पण जिथे यंत्राने माती उचलली तिथे वरून न दिसणारे खड्डे राहू शकतात. शिवाय काळ्या मातीचा उतार ओला झाला की पाय टिकत नाही.

तो पाण्याखाली जाताच पहिली गोष्ट करतो ती म्हणजे श्वास रोखतो. त्या क्षणी त्याच्या अंगात ऑक्सिजन किती असतो? फुप्फुसातल्या हवेत, रक्तात आणि स्नायूंत मिळून सुमारे दीड लिटर. आपलं शरीर ऑक्सिजन साठवून ठेवण्याच्या बाबतीत अगदी कंगाल आहे. अन्न आठवडेभर पुरेल इतकं चरबीत असतं, पण ऑक्सिजन काही मिनिटांचाच. निवांत पडलेला माणूस मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन वापरतो, म्हणजे कागदावर सहा मिनिटांची शिल्लक. पण बुडणारा निवांत नसतो. हातपाय झाडणारा, घाबरलेला माणूस त्याच्या चौपट सहज वापरतो. सहा मिनिटांची शिल्लक दीड मिनिटावर येते, आणि तीही शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाही. निम्मी-पाऊण संपली की शुद्ध जाते.

गंमत अशी की श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे. ती हाक मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची असते. तो वाढत गेला की मेंदूच्या तळाशी असलेलं श्वासाचं केंद्र अस्वस्थ होतं आणि एका मर्यादेनंतर इच्छाशक्तीचं काही चालत नाही. न शिकलेला, भेदरलेला माणूस ही मर्यादा अर्ध्या-एक मिनिटात गाठतो. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो अशी पैज लावणारी पोरं बुडी मारण्याआधी जोरजोरात दहा-वीस श्वास घेतात, ते याच कारणाने घातक आहे. त्या श्वासांनी ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. हाक उशिरा येते, आणि ती येण्याआधीच ऑक्सिजन इतका खाली जातो की पोरगा पाण्याखाली शांतपणे बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारे कधी कधी असे जातात. धडपड नाही, आवाज नाही.

आवाज तसा पोहता न येणाऱ्याचाही होत नाही. ‘वाचवा, वाचवा’ ओरडणं सिनेमात. अमेरिकेतले जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून दाखवलं की तोंड पाण्याच्या वर येतं तेव्हा तेवढ्या वेळात श्वास सोडून घ्यायचा की ओरडायचं, यात शरीर श्वासच निवडतं. हात वर हलवता येत नाहीत, ते बाजूला पाणी खाली दाबत राहतात. माणूस उभ्या स्थितीत, मान मागे, वीस सेकंदांपासून फार तर मिनिटभर पृष्ठभागावर टिकतो आणि मग खाली जातो. दहा हातांवर बसलेल्यांना तो खेळतोय असंच वाटतं.

श्वास रोखणं हाताबाहेर गेलं की तोंड उघडतं आणि पाणी आत येतं. बरंचसं तो गिळतो, ते पोटात जातं. थोडं घशाच्या मागून स्वरयंत्राकडे वळतं. इथे शरीराचा पहारा आहे. जेवताना पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेने गेला की आपल्याला ठसका लागतो आणि क्षणभर श्वास अडकल्यासारखा होतो, तोच पहारा. पाण्याचा स्पर्श होताच स्वरतंतू झटक्यात एकमेकांना चिकटतात आणि श्वासनलिकेचं दार बंद होतं. डॉक्टर याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात, आपण स्वरयंत्राचा आकस म्हणू. दार बंद असेतो पाणी फुप्फुसात जात नाही. पण हवाही जात नाही. पाण्यावर डोकं आलं तरी त्या क्षणी दार उघडेलच असं नाही. छातीचे स्नायू श्वास ओढायचा जोर लावतात, आत काहीच येत नाही.

हा आकस बुडणाऱ्याला वाचवतो की मारतो, यावर वैद्यकात बराच काळ वाद होता. जुन्या पुस्तकांत एक वाक्य ठरलेलं असे: बुडालेल्यांपैकी दहा-पंधरा टक्के ‘कोरडे’ बुडतात, म्हणजे स्वरयंत्र शेवटपर्यंत बंद राहतं आणि शवविच्छेदनात फुप्फुसात पाणी सापडत नाही. फ्लोरिडातले भूलतज्ज्ञ जेरोम मॉडेल यांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. आकस स्नायूंचा आहे आणि स्नायूला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन संपत आला की बाकीच्या स्नायूंसारखाच तोही ढिला पडतो, आणि तेव्हा छाती अजून श्वासाचे झटके देत असेल तर पाणी आत येतंच. फुप्फुसात पाणी दिसत नाही याची दुसरी कारणं असू शकतात: गोडं पाणी थोडंच असेल तर ते रक्तात शोषलं जातं, किंवा माणूस मुळात बुडून मेलेलाच नसतो. पाण्यात पडण्याआधीच हृदय थांबलेलं असू शकतं, किंवा प्रेत नंतर पाण्यात टाकलेलं असू शकतं. पोलीस तपासात हा फरक फार मोलाचा ठरतो. आपल्या विषयापुरतं एवढं पुरे की आकस हा काही सेकंदांचा, फार तर मिनिटभराचा टप्पा आहे. त्याच्या आधीही ऑक्सिजन घटत होता, त्याच्या नंतरही घटतोच.

आता फुप्फुसात जाणारं पाणी. ते किती? लोकांना वाटतं छाती घागरीसारखी भरते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संशोधकही काहीसं असंच मानत होते. टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टन इथे स्वॉन यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की गोड्या पाण्यात बुडवलेल्या कुत्र्याच्या फुप्फुसातून भरपूर पाणी रक्तात शिरतं, रक्त पातळ होतं, तांबड्या पेशी फुटतात आणि हृदय थरथरून बंद पडतं. खाऱ्या पाण्यात उलटं, रक्तातलं पाणी फुप्फुसात ओढलं जातं. यावरून गोडं बुडणं आणि खारं बुडणं असे दोन आजार असल्यासारखी पाठ्यपुस्तकं लिहिली गेली. मॉडेल यांनी १९६० च्या दशकात पाण्याचं प्रमाण मोजून प्रयोग केले आणि चित्र पालटलं. रक्ताचं आकारमान बदलायला किलोमागे ११ मिलिलिटर पाणी आत जावं लागतं, क्षारांचा तोल बिघडायला किलोमागे २२. आपल्या साठ किलोच्या तरुणाच्या बाबतीत हे अनुक्रमे पाऊण लिटरच्या थोडं खाली आणि सव्वा लिटरच्या वर जातं. दवाखान्यात जिवंत पोहोचणाऱ्यांच्या फुप्फुसात एवढं पाणी सहसा नसतंच. मात्र श्वसन बिघडवायला किलोमागे एक ते तीन मिलिलिटर पुरतात. म्हणजे साठ ते एकशे ऐंशी मिलिलिटर, कमी-जास्त एक पेला.

एवढंसं पाणी इतकं नुकसान करतं ते जागा अडवून नव्हे. फुप्फुसाच्या टोकाशी कोट्यवधी सूक्ष्म वायुकोश असतात, आणि त्यांच्या आतल्या बाजूला सरफॅक्टंट नावाचा साबणासारखा पातळ थर असतो. तो नसता तर ओल्या फुग्याच्या आतल्या बाजू चिकटून बसाव्यात तसे हे कोश चिकटून बसले असते. गोडं पाणी हा थर धुऊन टाकतं, त्याचं काम बिघडवतं. खारं पाणी तो पातळ करतं आणि वर रक्तातला द्रव कोशात ओढून आणतं. वाट वेगळी, मुक्काम एकच: कोश मिटतात किंवा फेसाने भरतात. रक्त त्यांच्या शेजारून वाहत राहतं, पण तिथे घ्यायला ऑक्सिजनच नसतो. निळं रक्त निळंच हृदयाकडे परततं. तोंडाशी येणारा पांढरा, कधी गुलाबी फेस हा याच गोंधळाचा. पाणी, हवा, प्रथिनं आणि सरफॅक्टंट यांचं ते घुसळण आहे. तो पुसत बसण्यात अर्थ नसतो, पुसला तितका परत येतो.

म्हणजे आकस असो, गोडं पाणी असो की समुद्राचं, सगळ्या वाटा एकाच जागी येतात. रक्तातला ऑक्सिजन संपतो. म्हणूनच २००२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत जमलेल्या तज्ज्ञांनी ‘ओलं’, ‘कोरडं’, ‘दुय्यम’ असे सगळे प्रकार मोडीत काढले आणि एकच व्याख्या ठरवली: द्रवात बुडाल्यामुळे किंवा तोंड-नाक द्रवात गेल्यामुळे श्वसनात अडथळा येण्याची प्रक्रिया म्हणजे बुडणं. तिचा शेवट मृत्यूत होईल, इजेत होईल किंवा माणूस ठणठणीत परत येईल. जागतिक आरोग्य संघटना हीच व्याख्या वापरते. तिच्या अंदाजाने २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. व्हॉट्सॲपवर फिरणारा, आठवड्यापूर्वी पोहून आलेलं मूल ‘कोरडं बुडून’ अचानक गेलं हा मजकूर या व्याख्येत बसत नाही. खरोखर पाणी फुप्फुसात गेलेल्या माणसाला खोकला, धाप, फेस ही लक्षणं लगेच किंवा काही तासांत दिसतात. मधे ठणठणीत आठवडा जात नाही.

आपला तरुण अजून पाण्याखाली आहे. साधारण दोन मिनिटं झाली. शुद्ध गेली, श्वासाचे झटके थांबले. हृदय मात्र अजून चालू आहे. आधी ते वेगाने धावत होतं, आता उपाशी स्नायूसारखं मंद पडतंय. आणखी थोड्या वेळाने ते इतकं क्षीण होतं की विजेची लय दिसते पण नाडी लागत नाही, आणि मग सपाट रेघ. पाण्याखाली जाण्यापासून इथवरचा सगळा प्रवास काही सेकंदांपासून काही मिनिटांत आटोपतो.

श्वास थांबणं आणि हृदय थांबणं यांच्यामधली ही फट फार मोठी संधी आहे. रिओ द जनेरोचे डॉक्टर डेव्हिड स्पिलमन यांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावर जीवरक्षकांनी काढलेल्या १,८३१ जणांच्या नोंदी १९९७ मध्ये मांडल्या. नुसता खोकला असलेल्यांपैकी कुणीही दगावलं नाही. श्वास थांबलेला पण नाडी असलेल्यांत १०० पैकी ४४ गेले. नाडीही थांबलेल्यांत ९३. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे ते मिनिटभराचं असू शकतं.

हृदयविकाराच्या झटक्याने रस्त्यात कोसळलेला माणूस आणि बुडालेला माणूस यांत म्हणूनच मोठा फरक आहे. पहिल्याचं हृदय अचानक थांबतं, पण त्याच्या रक्तात ऑक्सिजन भरलेला असतो. छाती दाबत राहिलं तर ते रक्त काही मिनिटं मेंदूला पुरतं, म्हणून तिथे नुसत्या छातीदाबाचा सल्ला देतात. बुडालेल्याच्या रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो. नुसती छाती दाबली तर रिकामं रक्त फिरत राहतं. म्हणून बुडालेल्याच्या बाबतीत आधी श्वास द्यायचा. युरोपीय मार्गदर्शनात पहिले पाच श्वास सांगितलेत, अमेरिकी मार्गदर्शनात दोन. त्या वादात काठावर पडायचं कारण नाही.

करायचं ते असं. त्याला उताणा, सपाट जमिनीवर झोपवायचं. कपाळावर हात ठेवून मान हळूच मागे, दुसऱ्या हाताने हनुवटी वर. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून वाट अडवते, ती याने सुटते. श्वास चालत नसेल, किंवा अधूनमधून मासोळीसारखे तोंड उघडझाप करणारे झटके असतील (तो श्वास नव्हे), तर नाक चिमटीत धरून, तोंडावर तोंड घट्ट लावून, साधारण सेकंदभर फुंकायचं. छाती उचलली गेली पाहिजे, हीच कामगिरीची खूण. नाही उचलली तर मान पुन्हा नीट करून पुन्हा फुंकायचं. मग छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास, गाडी येईपर्यंत. फेस असला तरी त्याच्यातून फुंकायचं. पुष्कळांना उलटी होते; तेव्हा कुशीवर वळवायचं, तोंड साफ करायचं आणि परत सुरू.

आणि ते पोट दाबणं? पोट दाबल्यावर जे पाणी येतं ते पोटातलं, गिळलेलं. फुप्फुसातलं गोडं पाणी बरंचसं एव्हाना रक्तात गेलेलं असतं, तिथे काढण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. पोटातलं पाणी मात्र दाबाने घशात येतं आणि उघड्या पडलेल्या श्वासनलिकेत उतरतं, म्हणजे आतापर्यंत वाचलेल्या फुप्फुसात आंबट पाणी जातं. उलटं फिरवण्यातही हेच होतं. अलीकडच्या काळात प्रेत मिठाच्या ढिगात झाकून ठेवलं की जीव परत येतो असा एक मजकूर कर्नाटक-तेलंगणात फिरतो, आणि शोकात बुडालेली घरं तो खरा मानतात. मीठ कातडीतून फुप्फुसातलं पाणी ओढत नाही. ओढलं तरी मेंदूत ऑक्सिजन कुठून येणार?

मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन सुमारे वीस टक्के खातो, आणि स्वतःपाशी साठा जवळपास शून्य. त्यातही आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस आणि हालचालींचा तोल राखणारी खोलातली केंद्रं आधी मरतात. म्हणून वाचलेल्यांत कुणी माणसं ओळखतो पण सकाळचं विसरतो, कुणाचे हात वेडेवाकडे होतात. फुप्फुस मात्र दोन-चार आठवड्यांत बहुधा पूर्ण सावरतं. डॉक्टर आल्या आल्या विचारतात ते पाणी किती निघालं हे नव्हे, पाण्याखाली किती वेळ होता हे. पाच मिनिटांपर्यंत असेल तर मृत्यूचा किंवा गंभीर मेंदूइजेचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास. सहा ते दहा मिनिटांत तो ५६ टक्के, अकरा ते पंचवीसमध्ये ८८, त्यापुढे जवळपास शंभर. बर्फाळ पाण्यात काही मुलं तासाभरानंतर परत आली आहेत. १९८६ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातली अडीच वर्षांची मुलगी ६६ मिनिटांनी निघाली आणि बरी झाली, कारण शरीर वेगाने थंड झाल्याने मेंदूची भूकच कमी झाली. आपल्या तलावांत तसं पाणी नसतं, आदिलाबादची थंडी कितीही कडक असली तरी.

ज्याची शुद्ध गेली नाही, जो खोकत-खोकत स्वतः बाहेर आला, त्यालाही घरी नेऊन चहा पाजून झोपवू नये. सरफॅक्टंट धुतल्याचा परिणाम काही तासांत वाढत जातो. खोकला थांबत नसेल, श्वास मिनिटाला पंचवीसच्या वर जात असेल, बोलताना वाक्य मधे तुटत असेल, ओठ काळसर दिसत असतील तर आदिलाबाद गाठावं, आणि दवाखान्यातही सहा-आठ तास त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लागलेली असावी. बहुतेकांना एवढ्यावर मास्कमधून ऑक्सिजन मिळाला की पुरतं.